चीर आणि बुरशी : जिलेटीनवरील जुन्या छायाचित्रप्रतीच्या दुरुस्तीचा विचार

जुन्या छायाचित्राची छापील प्रत स्कॅन करून तिच्यावर संपादन करण्यापूर्वी तिच्यावरील चिरा व बुरशीचे डाग यांची काय व्यवस्था लावावी, हा प्रश्न वरकरणी केवळ हस्तकौशल्याचा वाटतो. वस्तुतः तो साधनचिकित्सेचा प्रश्न आहे. छायाचित्र हे इतिहासाचे साधन म्हणून वापरावयाचे असेल, तर त्यावरील कोणती रेघ मूळ प्रसंगाची, कोणती निगेटिव्हची, कोणती काळाने पाडलेली आणि कोणती दुरुस्ती करणाऱ्याच्या हातची, हे सांगता आले पाहिजे. ज्या दुरुस्तीनंतर हे सांगता येत नाही, ती दुरुस्ती कितीही सुबक असली तरी तिने साधन नष्टच केलेले असते.

या दोन दोषांच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे, व या निबंधाचा मुख्य विषय तीच होय. चीर सांधण्यासाठी प्रतीला ओलावा द्यावा लागतो; बुरशी थांबविण्यासाठी ओलावा काढून घ्यावा लागतो. दोन्ही दोष एकाच पदार्थाचे, म्हणजे जिलेटीनचे आहेत, पण त्यांचे उपचार परस्परविरोधी आहेत. जुन्या दुरुस्तीकारांचे पुष्कळसे अपयश या विरोधाकडे दुर्लक्ष केल्यामुळे घडले. दुरुस्तीचे काम मूळ प्रतीवरून हळूहळू तिच्या नकलेकडे का सरकले, याचे उत्तरही बव्हंशी याच विरोधात सापडते.

१. जिलेटीनचे आगमन

१८५० मध्ये लुई देझिरे ब्लांकार-एव्रार याने अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेला अल्ब्युमिन कागद प्रसिद्ध केला आणि पुढील सुमारे चार दशके छापील प्रतींसाठी मुख्यतः तोच कागद वापरात राहिला. १८७१ च्या सप्टेंबरमध्ये रिचर्ड लीच मॅडॉक्स या इंग्रज वैद्याने 'ब्रिटिश जर्नल ऑफ फोटोग्राफी' या पत्रात चांदीचे ब्रोमाइड जिलेटीनमध्ये मिसळून तयार केलेल्या थराचा प्रयोग वर्णिला. त्याआधीच्या कलोडियन पद्धतीत वापरल्या जाणाऱ्या ईथरची वाफ त्याच्या प्रकृतीला मानवत नव्हती, म्हणून तो पर्यायाच्या शोधात होता. १८७८ मध्ये चार्ल्स बेनेट याने हे मिश्रण दीर्घकाळ ऊन ठेवल्यास त्याची प्रकाशग्राहकता पुष्कळ वाढते असे दाखविले, आणि जिलेटीनच्या कोरड्या काचपट्ट्यांचा काळ सुरू झाला. १८८० नंतरच्या दशकांत तोच पदार्थ कागदावरही आला.

या कागदाची रचना ध्यानात घेतल्याशिवाय त्याचे विकार समजणार नाहीत. सर्वांत खाली कागद. त्यावर बेरियम सल्फेटची पांढरी भुकटी जिलेटीनमध्ये कालवून दिलेला गुळगुळीत थर, ज्याला बॅराइटा म्हणतात. आणि त्यावर चांदीचे सूक्ष्म कण धारण करणारा जिलेटीनचा पारदर्शक थर, ज्याला छायाचित्रकार इमल्शन म्हणतात. चित्र आहे ते या वरच्या थरात. बॅराइटामुळे कागदाचे तंतू झाकले जातात. म्हणूनच ३० पट मोठे दाखविणाऱ्या भिंगातून पाहिले असता अल्ब्युमिन प्रतीत कागदाचे तंतू स्पष्ट दिसतात आणि बॅराइटा असलेल्या जिलेटीनच्या प्रतीत ते दिसत नाहीत. कोणत्याही दुरुस्तीपूर्वीची पहिली परीक्षा ही होय. कारण दोन्ही थर पाण्याला एकसारखा प्रतिसाद देत नाहीत.

जिलेटीन हे जनावरांची कातडी व हाडे यांपासून काढलेले प्रथिन आहे. ओलाव्यात ते फुगते, कोरड्या हवेत आकसते. कागदही फुगतो व आकसतो, पण त्याच प्रमाणात नव्हे. सापेक्ष आर्द्रता ३० टक्क्यांच्या खाली गेली म्हणजे जिलेटीन ताठर व ठिसूळ होते. ती ६५ टक्क्यांच्या वर दीर्घकाळ राहिली म्हणजे त्यावर बुरशी रुजू शकते. या दोन मर्यादांच्या मधला पट्टा प्रतीला सुरक्षित समजावा. कोकण, मुंबई व गोवा या पट्टीत पावसाळ्याच्या महिन्यांत हवेची आर्द्रता ८० टक्क्यांहून अधिक असते, तर देशावर उन्हाळ्यातील दुपारी ती ३० टक्क्यांच्या पुष्कळ खाली उतरते. एकाच घराण्याचा संग्रह रत्नागिरीहून सोलापुरास गेला, तर त्याच्यावर बुरशी व चीर या दोहोंच्या खुणा एकत्र सापडाव्यात, यात नवल नाही.

२. रेघांचे तीन प्रकार

प्रतीवर दिसणारी प्रत्येक काळी वा पांढरी रेघ ही त्या प्रतीची चीर असते असे नाही. या संदर्भात अब्राहम लिंकन याच्या एका छायाचित्राचे उदाहरण उद्बोधक आहे. ५ फेब्रुवारी १८६५ रोजी अलेक्झांडर गार्डनर याने वॉशिंग्टन येथे लिंकनची काही छायाचित्रे घेतली. त्यांतील एका मोठ्या काचपट्टीस तडा गेला. गार्डनरने तिच्यावरून एकच प्रत काढली व पट्टी टाकून दिली. ही प्रत आज वॉशिंग्टनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत आहे, आणि लिंकनच्या मस्तकावरून जाणारी काळी रेघ तिच्यात स्पष्ट दिसते. ही रेघ प्रतीच्या पृष्ठभागावरची नाही. ती काचेला गेलेल्या तड्याची प्रतिमा आहे, म्हणजे चित्राबरोबरच छापली गेलेली आहे. तिला प्रतीची जखम समजून मिटविणे म्हणजे त्या पट्टीच्या इतिहासाचा एकुलता एक पुरावा मिटविणे होय.

तेव्हा पहिला प्रकार निगेटिव्हमधून उतरलेल्या रेघेचा. दुसरा प्रकार उघड्या चिरेचा : यात जिलेटीन व बहुधा बॅराइटाही दुभंगलेला असतो, पण दोन्ही काठ जागेवर असतात. तिसरा प्रकार लोपाचा : चिरेच्या काठाची खपली उडालेली असते आणि तिच्याबरोबर चित्राचा तेवढा भागही गेलेला असतो. हे तीन ओळखण्याची रीत एकच. अंधाऱ्या खोलीत प्रत सपाट ठेवून एका बाजूने, पृष्ठभागाला जवळजवळ समांतर असा प्रकाश पाडावा. छापील रेघ अशा तिरप्या उजेडात नाहीशी झाल्यासारखी वाटते, कारण तेथे पृष्ठभाग अखंड असतो. उघडी चीर एका काठाने चमकते व दुसऱ्या काठाने सावली टाकते. लोपाच्या जागी खड्डा दिसतो व त्याच्या तळाशी बॅराइटाचा किंवा कागदाचा निस्तेज पांढरेपणा दिसतो.

चिरेची दिशाही बोलकी असते. गुंडाळी करून ठेवलेली प्रत कोरड्या दिवसांत बळेच उलगडली, तर समांतर चिरांची मालिका गुंडाळीच्या अक्षाच्या दिशेने पडते. पुठ्ठ्यावर चिकटविलेली प्रत पुठ्ठ्यासकट वाकली, तर बहुधा एकच लांब व खोल चीर पडते. कोणत्याही एका दिशेने न जाणारे सूक्ष्म तड्यांचे जाळे दिसल्यास प्रत वारंवार ओली होऊन वाळली असावी, असा संशय घ्यावा.

३. डागांचे तीन प्रकार

बुरशीच्या डागांचेही असेच तीन वर्ग पडतात, आणि त्यांचे उपाय एकमेकांपासून सर्वस्वी भिन्न आहेत. पहिल्या वर्गात बुरशी थराच्या वर बसलेली असते. तिरप्या उजेडात ती उंचवट्यासारखी, केसाळ किंवा भुकटीसारखी दिसते. खालचे चित्र शाबूत असते. दुसऱ्या वर्गात बुरशीने सोडलेला रंग जिलेटीनमध्ये मुरलेला असतो. पृष्ठभाग समतल राहतो, परंतु पिवळा, तपकिरी, क्वचित जांभळट डाग दिसतो. चांदीचे कण जागच्या जागीच असतात. तिसऱ्या वर्गात बुरशीने जिलेटीनच खाल्लेले असते. तेथील चकाकी जाऊन निस्तेज, खडबडीत खळगा राहतो आणि चित्र अंशतः वा पूर्णतः गेलेले असते.

बुरशी जिलेटीन कशी खाते, हे येथे महत्त्वाचे आहे. तिचे तंतू प्रथिनाचे विघटन करणारी एन्झाइमे सोडतात. त्यांच्या योगाने जिलेटीनच्या लांब साखळ्या तुटतात, आणि जो पदार्थ थंड पाण्यात केवळ फुगत असे, तो आता पाण्यात विरघळू लागतो. विशेष असे की, हा फरक डागाच्या दृश्य सीमेपलीकडेही पसरलेला असू शकतो. उष्ण प्रदेशांतील छायाचित्रकार जिलेटीन मऊ पडू नये म्हणून तुरटी अथवा क्रोम तुरटीच्या द्रावणाने तो थर घट्ट करून घेत. अशी घट्ट केलेली प्रत पाण्यास पुष्कळ दाद देत नाही खरी. तथापि बुरशीने पोखरलेल्या जागी त्या घट्टपणावर विसंबता येत नाही.

ओल्या कापसाने डाग पुसण्याची घरोघरची रीत घातक ठरते ती यामुळेच. डाग जातो, पण त्याच्याबरोबर चित्रही कापसावर येते. कोडॅकसारख्या उत्पादकांनीही बुरशी लागलेल्या फिल्मला व प्रतींना पाणी लावू नये, असा इशारा आपल्या ग्राहकांना दिलेला आहे. थायमॉलची धुरी देण्याची पद्धत ग्रंथालयांत व संग्रहालयांत दीर्घकाळ चालू होती. तीही आता सोडून देण्यात आली आहे, कारण तिने बुरशी तात्पुरती दबली तरी संग्रहातील वस्तूंना व काम करणाऱ्यांच्या प्रकृतीला अपाय होतो, आणि ओलावा कायम राहिल्यास बुरशी पुन्हा येते.

४. जुने दुरुस्तीकार व नकलेचा मार्ग

जुन्या स्टुडिओंमध्ये रिटचिंग हा स्वतंत्र व्यवसाय होता. निगेटिव्हवर शिसपेन्सिलीने छटा भरणे, चाकूच्या टोकाने काळेपणा खरवडणे आणि छापील प्रतीवरील पांढरे ठिपके बारीक कुंचल्याने, गोंद घातलेल्या पाण्याच्या रंगाने झाकणे, ही त्याची नित्याची कामे. चिरेवर हाच उपाय केला जाई. परंतु रंग केवळ चिरेत राहत नसे; तिच्या दोन्ही काठांवरील शाबूत चित्रावरही तो चढे. शिवाय रंगातील पाण्याने काठ फुगत व वाळताना अधिकच वर उचलत. आज अशा प्रती तिरप्या उजेडात पाहिल्यास चिरेभोवती रंगाचा एक निस्तेज पट्टा दिसतो. त्याखाली मूळ चित्र शिल्लक असते, पण ते पाहता येत नाही.

सुजाण दुरुस्तीकारांनी याला एक पर्याय शोधला होता. ते मूळ प्रतीला हात न लावता कॅमेऱ्याने तिची नक्कल निगेटिव्ह काढीत, त्यावरून नवी प्रत छापीत आणि रंगकाम त्या नव्या प्रतीवर करीत. अधिक महत्त्वाची गोष्ट ही की, नक्कल काढतानाच काही दोष प्रकाशाच्या साहाय्याने नाहीसे करता येतात, हे त्यांना कळले होते. पिवळा डाग निळा प्रकाश शोषून घेतो, म्हणून साध्या फिल्मवर तो काळा उठतो. सर्व रंग ग्रहण करणारी पँक्रोमॅटिक फिल्म वापरून कॅमेऱ्यापुढे पिवळा फिल्टर धरला, तर निळा प्रकाश फिल्मपर्यंत पोचतच नाही. मग डाग व त्याभोवतीचा पांढरा कागद यांत फिल्मला भेद उरत नाही आणि डाग विरून जातो. नियम असा की, डागाच्या रंगाचा फिल्टर घ्यावा. येथे कोणी काहीही 'भरलेले' नसते. डागाखाली जे चित्र होतेच, ते वाचण्याजोगे झालेले असते.

मूळ प्रतीवर पाण्याने उपचार करण्याविषयीची शंका पुढे संशोधनानेही दृढ केली. १९९४ मध्ये पॉल मेसियर व टिमोथी विटाली यांनी अल्ब्युमिन प्रतींवरील जलप्रक्रियेच्या परिणामांचा अभ्यास प्रसिद्ध केला. धुऊन वाळविलेल्या प्रतींच्या थरातील तडे वाढतात, असे त्यात दिसून आले. हा निष्कर्ष अल्ब्युमिनपुरता आहे, तो जिलेटीनला जसाच्या तसा लावता येणार नाही. परंतु 'स्वच्छ करणे' ही क्रियाच नव्या चिरांचे कारण होऊ शकते, ही जाणीव त्यामुळे सर्वच प्रकारच्या प्रतींच्या बाबतीत बळावली. स्कॅनर आला तेव्हा त्याने नवा सिद्धान्त आणला नाही. नकलेचा जुना मार्ग त्याने अधिक सोपा व अधिक सूक्ष्म केला.

५. एका प्रतीचा विचार

हे सर्व एका नमुन्यावर लावून पाहणे सोयीचे होईल. १९२० ते १९३० च्या सुमारास काढलेले शाळेचे एक सामूहिक छायाचित्र कल्पावे. प्रत जिलेटीनची, १० × १२ इंच, पुठ्ठ्यावर चिकटविलेली, काचेच्या चौकटीत ओलसर भिंतीवर अनेक वर्षे टांगलेली. पुठ्ठा वाकल्याने दुसऱ्या रांगेतील तीन चेहऱ्यांवरून आडवी चीर गेली आहे. खालच्या डाव्या कोपऱ्यात बुरशीचे ठिपके आहेत आणि त्यांतील एक पहिल्या रांगेतील मुलाच्या चेहऱ्यावर आहे.

प्रथम प्रत चौकटीतून काढावी लागते, आणि पहिला धोका येथेच असतो. ओलाव्याने मऊ झालेले जिलेटीन काचेला चिकटलेले असल्यास ते ओढून सोडवू नये. अशा वेळी काचेसकटच छायाचित्र घेणे व सोडविण्याचे काम तज्ज्ञ संरक्षकाकडे सोपविणे इष्ट. प्रत मोकळी असेल, तर ती संग्रहातील अन्य वस्तूंपासून वेगळी करून ५० टक्क्यांहून कमी, पण ३० टक्क्यांहून अधिक आर्द्रतेच्या जागी काही दिवस ठेवावी. उन्हात ठेवू नये. उन्हाने जिलेटीन झपाट्याने आकसते व चीर लांबते. बुरशी जिवंत असेपर्यंत ती मऊ व चिकट असते आणि कुंचला लावताच फासली जाते. ती सुप्त झाली म्हणजे कोरडी व भुकटीसारखी होते. ही अवस्था आल्याशिवाय तिला स्पर्श करू नये.

नंतर मऊ केसांच्या कुंचल्याने, तोंडावर मुखपट व हातांत मोजे घालून, भुकटी प्रतीच्या बाहेरच्या दिशेने लोटावी आणि सूक्ष्म कण अडविणारी गाळणी असलेल्या निर्वात झाडणीच्या तोंडाशी ती ओढून घ्यावी. झाडणीचे तोंड प्रतीला टेकवू नये. कुंचला चिरेच्या दिशेने फिरवावा, आडवा कधीही नव्हे, कारण आडव्या फटकाऱ्याने वर आलेला काठ तुटतो. खळगा पडलेल्या, म्हणजे तिसऱ्या वर्गातील डागावर कुंचलाही फिरवू नये. एवढ्याने पहिल्या वर्गातील डाग जातात. उरतात ते मुरलेले रंग व खळगे. त्यांच्यावर मूळ प्रतीत आणखी काही करावयाचे नसते.

आता चिरेचा प्रश्न. काठ वर उचलले गेले असतील, तर कोरड्या अवस्थेत वजन ठेवून ते सपाट करू नयेत, ते मोडतील. शास्त्रोक्त उपाय असा : झाकणाच्या तसराळ्यात ओला टिपकागद ठेवावा, त्याच्यावर काही अंतरावर जाळी बसवून तीवर प्रत चित्र वर करून ठेवावी, आणि बंद हवेतील दमटपणाने जिलेटीनला हळूहळू मऊ होऊ द्यावे. दर अर्ध्या तासाने तपासावे, काही तासांपलीकडे जाऊ नये, आणि मऊ झालेली प्रत न चिकटणाऱ्या पॉलिएस्टर कापडाच्या व टिपकागदांच्या थरांत हलक्या वजनाखाली वाळवावी. सुटू पाहणारी खपली संरक्षक जिलेटीनच्याच अतिशय पातळ द्रावणाने, बारीक कुंचल्याच्या टोकाने खालून बसवितात.

पण या नमुन्यात बुरशीने पोखरलेली जागा आहे, आणि तेथे दमट हवासुद्धा जिलेटीनला पातळ करू शकते. शिवाय येथे प्रत पुठ्ठ्याला चिकटलेली आहे; दमटपणाने पुठ्ठा व प्रत निरनिराळ्या प्रमाणात ताणले जाऊन चीर रुंदावण्याची भीती असते. म्हणून या प्रतीच्या बाबतीत योग्य निर्णय असा की, चीर सपाट करू नये, आहे तशीच तिची नक्कल घ्यावी. स्कॅनपूर्वीची दुरुस्ती येथे संपते. कोरडी साफसफाई एवढीच तिची व्याप्ती ठरते. ही माघार नव्हे. कोणता दोष प्रकाशाने सुटतो व कोणता हाताने, याची ती विभागणी आहे.

६. प्रकाशाने होणारी दुरुस्ती

चिरेचे काठ वर आलेले असतील, तर सपाट स्कॅनरच्या काचेवर प्रत पालथी दाबणे धोक्याचे असते. तेव्हा प्रत चित्र वर करून मेजावर ठेवून वरून कॅमेऱ्याने टिपावी, दोन्ही बाजूंस सारखे दिवे लावावेत आणि दिव्यांवर व भिंगावर परस्परांना काटकोनात फिरविलेले पोलरायझर लावावेत. चिरेच्या काठांवरून व बुरशीच्या निस्तेज जागांवरून उडणारी चमक त्यामुळे जवळजवळ नाहीशी होते.

काठ जागेवर बसलेले असतील, तर स्कॅनर चालतो. त्यातील दिवा सरकणाऱ्या पट्टीवर आडवा असतो व प्रकाश एका बाजूने येतो. चीर त्या दिव्याला समांतर असेल, तर ती सर्वांत गडद सावली टाकते. पट्टीच्या प्रवासाच्या दिशेने असेल, तर सर्वांत कमी. म्हणून मुख्य चीर प्रवासाच्या दिशेत येईल अशी प्रत ठेवावी. एवढ्यानेही सावली उरली, तर प्रत १८० अंशांनी फिरवून दुसरा स्कॅन घ्यावा, तो संगणकावर उलटा फिरवून पहिल्याशी तंतोतंत जुळवावा आणि दोहोंची सरासरी काढावी. पहिल्यात सावली ज्या काठाला होती, दुसऱ्यात ती समोरच्या काठाला असते. म्हणून ती विरते. चांदीचे चित्र मात्र दोन्हींत तेच असल्याने कायम राहते.

प्रत काळी-पांढरी असली तरी स्कॅन रंगीत घ्यावा, प्रत्येक रंगाला १६ बिटांनी, न आटविलेल्या टिफ स्वरूपात. याचे कारण जुन्या फिल्टरच्या युक्तीत आहे. रंगीत स्कॅनमध्ये लाल, हिरवा व निळा असे तीन चॅनल स्वतंत्र असतात. पिवळा डाग निळ्या चॅनलमध्ये गडद, हिरव्यात फिकट आणि लाल चॅनलमध्ये जवळजवळ अदृश्य असतो. दुसऱ्या वर्गातील डागांसाठी लाल चॅनल घेतला की बहुतेक काम झाले. डाग जांभळट असेल, तर तो हिरव्या चॅनलमध्ये सर्वाधिक गडद उठतो. तेव्हा लाल व निळा तपासून पाहावा. स्कॅन एकरंगी घेतला असता, तर ही निवडच उरली नसती.

इंचाला ६०० बिंदू या प्रमाणात १० × १२ इंचांची ही प्रत ६००० × ७२०० बिंदूंची होते व तिची फाइल सुमारे २६० मेगाबाइटची. हे प्रमाण केवळ हौसेने घ्यावयाचे नाही. या प्रमाणात एक बिंदू सुमारे ०.०४ मिलिमीटरचा होतो. चीर ०.१ मिलिमीटर रुंद असेल, तर ती दोन-तीन बिंदूंत सामावते, म्हणजे तिचे दोन्ही काठ वेगळे दिसतात. इंचाला ३०० बिंदू घेतल्यास चीर जेमतेम एका बिंदूची होते, काठ चिरेत मिसळतात आणि कोठे चित्र संपते व कोठे जखम सुरू होते, हे ठरविता येत नाही.

७. संपादनाची मर्यादा

आता संपादनासाठी जे उरले, ते केवळ लोप : चिरेची अरुंद फट व बुरशीचा खळगा. दोन्ही एकाच साधनाने, शेजारचे बिंदू आणून भरता येतात. पण दोहोंचा अधिकार सारखा नाही, हे पुढील हिशेबावरून दिसेल. समूहचित्रातील चेहरा १२ मिलिमीटर उंच धरल्यास डोळ्याची रुंदी सुमारे २ मिलिमीटर येते. ०.१ मिलिमीटरची चीर डोळ्यावरून उभी गेली, तरी डोळ्याचा विसावा भाग गेला. उरलेले दोन्ही बाजूंचे एकोणीस भाग मधला भाग काय असावा हे सांगतात. परंतु ३ मिलिमीटरचा खळगा त्याच जागी पडला, तर डोळा सबंध गेला. तेथे शेजारून आणलेले बिंदू गालाचे किंवा कपाळाचे असतील, अथवा दुसऱ्या डोळ्याची उलटी नक्कल असेल. चित्र पूर्ण दिसेल, पण तो चेहरा त्या मुलाचा असणार नाही. उद्या त्या चेहऱ्यावरून कोणी त्याची ओळख पटविली, तर त्या ओळखीचा आधार दुरुस्तीकाराचा कुंचला असेल.

पाठचिकित्सेच्या अभ्यासकाला हा भेद परिचित आहे. हस्तलिखितात एका अक्षराची मात्रा पुसली गेली असेल, तर संदर्भाने ती निश्चित करता येते. सबंध शब्द वाळवीने खाल्ला असेल, तर जे लिहिले जाते ती संपादकाची कल्पना असते, आणि ती तशी दर्शविली पाहिजे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९३३ ते १९६६ या काळात महाभारताची जी चिकित्सक आवृत्ती प्रसिद्ध केली, तीत सिद्ध केलेल्या पाठाचा जो अंश पूर्णपणे निश्चित नाही, त्याखाली नागमोडी रेघ दिलेली आहे. वाचकाला अखंड श्लोक मिळतो, आणि त्यातील किती भाग निश्चित व किती संशयित, हेही त्याच पृष्ठावर कळते.

छायाचित्राच्या संपादनात त्या नागमोडी रेघेचे काम स्वतंत्र स्तर करू शकतो. मूळ स्कॅन कुलूपबंद ठेवावा. त्यावर कधीही बदल करू नये. सरासरी व चॅनल यांनी झालेली प्रकाशाची दुरुस्ती ही दुसरी फाइल. हाताने भरलेला प्रत्येक बिंदू तिच्यावरील वेगळ्या स्तरात असावा, आणि चिरेची भरणी व खळग्याची भरणी यांचेही स्तर निराळे असावेत. स्तर बंद करताच जखम पुन्हा दिसली पाहिजे. प्रसिद्ध करताना चिरेची भरणी टिपेत नोंदवून मान्य करता येईल. चेहऱ्यावरील खळगा मात्र भरू नये. सभोवतालच्या छटेचा समतल करडा रंग तेथे द्यावा, म्हणजे तो डोळ्याला बोचणार नाही आणि चेहऱ्याचा आभासही निर्माण करणार नाही.

मूळ प्रत यानंतर पुन्हा त्याच चौकटीत व त्याच भिंतीवर जाऊ नये. आम्लविरहित कागदात, सपाट पेटीत, ३० ते ५० टक्के आर्द्रतेच्या जागी ती ठेवावी. पेटीवर दुरुस्तीची तारीख, झाडलेल्या डागांच्या जागा आणि मुद्दाम तशीच सोडलेली चीर यांची नोंद करावी. सुप्त झालेली बुरशी मेलेली नसते. पुढील पावसाळ्यानंतर त्याच जागा भिंगाखाली पाहून नोंदीशी ताडल्या, तरच बुरशी थांबली आहे की नाही हे कळेल.